न मागता आलेला क्लिक आणि मागून घेतलेले शब्द

पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात मी भरतीचं काम करते. उमेदवाराचा बायोडेटा हातात आला की लिंक्डइनवरची त्याची प्रोफाइलही उघडून बघते. बायोडेटा त्याने स्वतः लिहिलेला असतो. प्रोफाइलवर मात्र दोन जागा अशा आहेत, जिथे इतर माणसं त्याच्याबद्दल काही सांगतात. एक एन्डॉर्समेंट आणि दुसरं रेकमेंडेशन. दोन्हींना आपण मराठीत सरसकट ‘शिफारस’ म्हणून मोकळे होतो, म्हणून बरेच जण त्यांच्याकडे एकाच नजरेने बघतात. भरती करणारा तसं बघत नाही.

गेल्या वर्षी माझी भाची नोकरी बदलायला निघाली. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ती वॉरंटी विभागात होती. डिझाइनपासून सुरुवात करून ती हळूहळू आकडेवारीच्या कामाकडे वळली होती, आणि आता तिला डेटा अॅनालिस्टचीच नोकरी हवी होती. एका रविवारी आम्ही दोघी तिची प्रोफाइल उघडून बसलो. अनेक प्रोफाइली बघून मला जे कळलं होतं, ते त्या दिवशी एकाच प्रोफाइलवर लावून बघता आलं. ते इथे क्रमाने मांडते.

१. एक आपोआप दिसते, दुसरं आपण होकार दिल्यावरच दिसतं

एन्डॉर्समेंट म्हणजे एक क्लिक. तुम्ही प्रोफाइलवर कौशल्यांची यादी टाकता, आणि तुमच्याशी थेट जोडलेला कोणीही माणूस त्यातल्या कौशल्यासमोरचं ‘Endorse’ बटण दाबू शकतो. त्याला एक शब्दही लिहावा लागत नाही. तुम्ही कुठे, कधी एकत्र काम केलंत हे सांगावं लागत नाही. तुम्ही मागितलेली नसतानाही ती येते, आकडा एकाने वाढतो आणि तुम्हाला सूचना मिळते.

रेकमेंडेशन म्हणजे लिहिलेला मजकूर. तोही थेट जोडलेल्या माणसाकडूनच येतो. पण लिहिणाऱ्याला आधी नातं निवडावं लागतं: मी याचा मॅनेजर होतो, हा माझा मॅनेजर होता, आम्ही एकाच गटात होतो, तो माझा ग्राहक होता. तेव्हाचं पद निवडावं लागतं. मग मजकूर लिहून पाठवावा लागतो. इतकं झाल्यावरही तो तुमच्या प्रोफाइलवर आपोआप चढत नाही. तुम्ही वाचून होकार दिला तरच तो दिसतो.

नियंत्रणाचा सगळा फरक इथून सुरू होतो. एन्डॉर्समेंटच्या बाबतीत दार उघडंच असतं. आत आलेलं नंतर निवडायचं, नको ते बाजूला करायचं, एवढंच आपल्या हाती. रेकमेंडेशनचं दार बंद असतं आणि कडी आतून असते. कोणाला बोलवायचं, काय विचारायचं, आलेलं घ्यायचं की नाही, हे सगळं आधी ठरवता येतं. भाचीची प्रोफाइल बघताना लक्षात आलं की तिने नेमकं उलट केलं होतं. एन्डॉर्समेंट मिळाव्यात म्हणून ओळखीच्यांना मेसेज पाठवले होते, आणि रेकमेंडेशन कोणीतरी आपणहून लिहील म्हणून वाट बघत बसली होती.

२. आकड्यापेक्षा देणारा कोण, ते बघितलं जातं

लिंक्डइन २००३ साली सुरू झालं, पण एन्डॉर्समेंट आली ती सप्टेंबर २०१२मध्ये. सुरुवातीच्या काळात कोणाचीही प्रोफाइल उघडली की वर एक चौकट यायची: या व्यक्तीला ही ही कौशल्यं आहेत का? एका फटक्यात चार-पाच कौशल्यांना होकार देता यायचा. लोकांनी तो भराभर दिला. ज्यांच्याशी आयुष्यात एकदाच प्रदर्शनात भेट झाली, त्यांनीही दिला. त्या काळापासूनच्या प्रोफाइलींवर अजूनही असे गलेलठ्ठ आकडे दिसतात, आणि त्यातले बरेचसे त्या चौकटीची देणगी आहेत.

त्यात आपल्याकडची आहेराची रीत मिसळली. त्याने माझं केलं म्हणून मी त्याचं करायचं. त्यामुळे नुसता आकडा बघून भरती करणाऱ्याला फारसं काही कळत नाही. शंभराच्या अलीकडेच प्रोफाइलवर आकडा थांबतो आणि पुढे ‘99+’ असं दिसतं. तिथून पुढे दोनशे काय आणि सातशे काय, दिसायला सारखेच.

मी आकड्यावर क्लिक करून नावं उघडते. तिथे एन्डॉर्समेंट देणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि त्याची ओळखीची ओळ दिसते. कधी कधी कौशल्याखालीच लिहिलेलं असतं की अमुक कंपनीतल्या इतक्या सहकाऱ्यांनी ही दिली आहे, किंवा या कौशल्यात स्वतः मुरलेल्या माणसाने दिली आहे. माझ्या दृष्टीने कामाची ओळ ती. एसक्यूएल या कौशल्याला चारच एन्डॉर्समेंट आहेत, पण त्यातल्या तीन त्याच विभागातल्या डेटा सांभाळणाऱ्यांच्या आहेत, तर मला ते पुरतं. त्याच कौशल्याला साठ आहेत, आणि नावांमध्ये कॉलेजचे मित्र, विमा एजंट आणि काका आहेत, तर त्या साठांवरून माझी नजर सरळ पुढे सरकते.

भाचीच्या प्रोफाइलवर एक्सेलला ४१, ऑटोकॅडला ३७, टीमवर्कला ३४ एन्डॉर्समेंट होत्या. एसक्यूएलला ४ आणि पॉवर बीआयला २. आकड्यांच्या भाषेत ती अजूनही डिझाइन विभागातच बसलेली होती. गेली काही वर्षं तिने जे काम केलं होतं, ते यादीच्या तळाशी जाऊन पडलं होतं.

३. एन्डॉर्समेंट सुधारायच्या तर आधी कौशल्यांची यादी छाटावी

एन्डॉर्समेंट माणसाला मिळत नाही, कौशल्याला मिळते. जे कौशल्य यादीत नाही, त्यावर ती देताच येत नाही. म्हणजे काय दिसावं, याचा सर्वांत मोठा निर्णय यादी बनवतानाच होतो. लिंक्डइन शंभरपर्यंत कौशल्यं टाकू देतं म्हणून टाकत सुटायचं नसतं. यादी जितकी लांब, तितक्या एन्डॉर्समेंट विखुरतात, आणि लोक बटण दाबतात ते वर दिसणाऱ्या कौशल्यासमोरच.

भाचीच्या यादीत ४६ कौशल्यं होती. प्रोफाइलवर खाली ‘Skills’ विभागात गेलं की पूर्ण यादी उघडते, आणि पेन्सिलच्या चिन्हावरून एकेक कौशल्य काढता येतं. आम्ही तीन प्रकार वेगळे काढले.

पहिला प्रकार एकाच कौशल्याची दोन नावं. ‘Microsoft Excel’ आणि ‘MS Excel’ अशा दोन नोंदी होत्या, एकीवर ४१ आणि दुसरीवर ६. दोन नोंदींच्या एन्डॉर्समेंट एकत्र करायची सोय नाही. म्हणून जास्त वजनाची नोंद ठेवून दुसरी काढली. असं होऊ नये यासाठी कौशल्य टाकताना टाइप करायला सुरुवात केल्यावर खाली जी नावं सुचवली जातात, त्यातलंच प्रचलित नाव निवडावं. भरती करणारे शोध घेतात तोही त्याच नावांनी.

दुसरा प्रकार कोणालाही लावता येतील अशी कौशल्यं: टीमवर्क, कम्युनिकेशन, मेहनत. एकट्या टीमवर्कवर ३४ जणांनी क्लिक केलं होतं हे खरं. पण नोकरी देणाऱ्याला त्यातून तिच्याबद्दल नवीन काहीच कळत नव्हतं. ती काढली.

तिसऱ्या प्रकारात आली जुन्या कामाची कौशल्यं, आणि भाची इथे अडली. “मावशी, ऑटोकॅडवर सदतीस आहेत गं. एवढे घालवायचे?”

तिची शंका रास्त होती. कौशल्य काढलं की त्यावरच्या एन्डॉर्समेंटही प्रोफाइलवरून जातात, आणि पुन्हा टाकल्यावर त्या जशाच्या तशा परत येतील असं धरून चालू नये. म्हणून खऱ्या, मेहनतीने मिळवलेल्या कौशल्यावर कात्री चालवण्याआधी दुसरा उपाय बघावा, आणि तो म्हणजे क्रम. त्याच विभागात तीन ठिपक्यांच्या मेनूत ‘Reorder’ असतं. तिथे कौशल्यं ओढून वर-खाली करता येतात. ऑटोकॅड आम्ही काढलं नाही, खाली नेलं. वाहनांच्या भागांचं डिझाइन कळणारी डेटा अॅनालिस्ट हे तिचं बळच होतं. वर आणलं एसक्यूएल, मग पॉवर बीआय, मग एक्सेल. मुख्य प्रोफाइलवर यादीतली वरची दोन-तीनच कौशल्यं दिसतात, बाकीची ‘Show all’ दाबल्यावर. बहुतेक लोक ते दाबत नाहीत. त्यामुळे मोठ्या आकड्याचं कौशल्य पहिलं ठेवायचा मोह टाळावा आणि जे काम हवं आहे त्याचं कौशल्य पहिलं ठेवावं, मग त्यावर चारच का असेनात.

४. नको असलेलं एकेक नाव लपवता येतं, आणि सगळं बंदही करता येतं

कौशल्य खरं आहे, ठेवायचं आहे, पण त्यावर एन्डॉर्समेंट दिलेला माणूस अडचणीचा आहे, असंही होतं. भाचीच्या एसक्यूएलवरच्या चौघांत एक जण असा होता, ज्याच्याशी तिची कधी भेटही झाली नव्हती. अनोळखी विनंती तिने स्वीकारली होती, आणि त्याने भराभर सगळ्यांवर क्लिक केलं होतं. मुलाखतीत कोणी “हे तुम्हाला कसे ओळखतात?” असं विचारलं, तर तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझी कसोटी एवढीच आहे. ज्या नावाबद्दल या प्रश्नाचं एका वाक्यात खरं उत्तर देता येत नाही, ते नाव समोर ठेवू नये.

कौशल्याच्या खालच्या एन्डॉर्समेंटच्या आकड्यावर क्लिक केलं की देणाऱ्यांची यादी उघडते. आपल्या स्वतःच्या प्रोफाइलवर तिथे प्रत्येक नावासमोर एक खटका असतो. तो बंद केला की त्या माणसाची एन्डॉर्समेंट आपल्या प्रोफाइलवर दिसायची थांबते आणि आकड्यातूनही वजा होते. कौशल्य तसंच राहतं, बाकीच्यांच्या एन्डॉर्समेंटही तशाच राहतात. पुढे मत बदललं तर खटका परत चालू करता येतो. म्हणून एका माणसासाठी अख्खं कौशल्य काढायची किंवा त्याला यादीतून तोडायची गरज नाही.

एन्डॉर्समेंटचा ओघच नको असेल तर ‘Skills’ विभागातच ‘Endorsement settings’ असतं. तिथे तीन गोष्टी वेगवेगळ्या चालू-बंद करता येतात. मला एन्डॉर्समेंट मिळाव्यात की नाही, माझ्या ओळखीच्यांना माझं नाव एन्डॉर्समेंटसाठी सुचवावं की नाही, आणि मला इतरांची नावं सुचवावीत की नाही. या तिन्हींत दुसरी सेटिंग सर्वांत उपयोगाची, आणि तिच्याकडेच कोणी बघत नाही. अनोळखी क्लिक येतात ते बहुतेक वेळा अशा सुचवण्यांमुळे. दुसरी बंद आणि पहिली चालू ठेवली, तर जो आपणहून तुमच्या प्रोफाइलवर येऊन यादी वाचतो तोच एन्डॉर्समेंट देतो. भाचीने तसंच केलं. आकडा वाढायचा वेग मंदावला, पण नंतर आलेली नावं ओळखीची होती.

हे मेनू लिंक्डइन अधूनमधून जागा बदलून ठेवतं, फोनवर आणि संगणकावर त्यांची मांडणीही थोडी वेगळी असते. पण ‘Skills’ विभाग, त्यातली पेन्सिल आणि तीन ठिपके एवढ्या खुणा लक्षात ठेवल्या तर वाट सापडते.

५. रेकमेंडेशनचं निम्मं काम मागतानाच होतं

आता कडी आतून असलेल्या दाराकडे येऊ. रेकमेंडेशन मागायचं तर त्या माणसाच्या प्रोफाइलवर जाऊन ‘More’ दाबायचं, त्यात ‘Request a recommendation’ असतं. किंवा आपल्याच प्रोफाइलवरच्या ‘Recommendations’ विभागातून मागायचं. पुढे नातं आणि तेव्हाचं पद निवडायला सांगतात, आणि मग एक संदेश लिहायला जागा देतात. त्या जागेत तयार वाक्य आधीच लिहिलेलं असतं: माझ्यासाठी रेकमेंडेशन लिहाल का, अशा अर्थाचं. बहुतेक जण ते तसंच पाठवतात, आणि मग तसाच मजकूर परत येतो.

भाचीच्या प्रोफाइलवर असं एक रेकमेंडेशन आधीच होतं. “अतिशय मेहनती, प्रामाणिक आणि नवीन शिकायला नेहमी तयार. तिला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.” लिहिणारे सद्गृहस्थ होते, मनापासून लिहिलं होतं. पण यातला एकही शब्द फक्त तिलाच लागू पडेल असा नव्हता.

नातं आणि पद निवडताना घाई करू नये, याचं कारण ते मजकुराच्या वर छापलं जातं. वाचणाऱ्याला आधी नाव दिसतं, मग तारीख, मग “अमुक यांनी तमुक यांचं काम थेट बघितलं” अशा अर्थाची इंग्रजी ओळ. मजकूर वाचण्याआधीच त्या ओळीवरून वजन ठरतं. थेट मॅनेजर किंवा काम घेणारा ग्राहक यांच्या चार ओळी, ज्याने कधी काम बघितलंच नाही अशा बड्या पदावरच्या माणसाच्या पानभर कौतुकापेक्षा जास्त धरल्या जातात. भाचीला कारखान्याच्या प्रमुखांकडून लिहून हवं होतं, कारण त्यांचं पद मोठं. मी म्हटलं, “त्यांनी तुझी एक तरी क्वेरी चालताना बघितली आहे का?” तेव्हा ती वॉरंटी विभागातल्या तिच्या साहेबांकडे वळली.

त्यांना पाठवायचा संदेश आम्ही असा लिहिला:

“सर, नमस्कार. मी आता डेटा अॅनालिस्टच्या जागेसाठी प्रयत्न करते आहे. आपण वॉरंटीचा मासिक दोष-अहवाल बदलला, त्या कामाबद्दल चार ओळी लिहाल का? आधी अहवालाला किती वेळ लागायचा आणि नंतर काय फरक पडला, आणि त्यात माझा वाटा काय होता, हे आपल्याला आठवतं तसं लिहिलंत तर मला फार मदत होईल. माझ्याकडून काही कमी पडलं होतं असं वाटत असेल तर न लिहिलं तरी चालेल, सर. सवडीने लिहावं.”

यात तिने कौतुक मागितलं नाही, एका कामाची साक्ष मागितली. वाक्यं तिने लिहून दिली नाहीत, फक्त कोणतं काम ते सांगितलं. पूर्ण मजकूर तयार करून “एवढं टाका, सर” असं म्हणणारेही असतात. त्यातून एकाच माणसाच्या प्रोफाइलवर तीन वेगवेगळ्या साहेबांची सारख्याच वळणाची वाक्यं दिसायला लागतात, आणि ते वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं. शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं. नाही म्हणायची वाट मोकळी ठेवली की जो लिहितो तो मनापासून लिहितो, आणि ज्याला लिहायचं नसतं तो संकोचापोटी गुळमुळीत लिहीत नाही.

६. होकार देण्याआधी वाचावं, दुरुस्ती मागायला लाजू नये

साहेबांचं उत्तर आलं ते असं होतं: “महिन्याचा वॉरंटी दोष-अहवाल बनवायला आमच्या विभागाला तीन दिवस लागत. वेगवेगळ्या डीलरकडून आलेल्या एक्सेल फाइली हाताने जोडाव्या लागत. हिने एसक्यूएल क्वेऱ्या लिहून तो डेटा एका जागी आणला आणि पॉवर बीआयवर अहवाल बांधला. त्यानंतर हे काम एका सकाळचं झालं. एका पंपाचा ठरावीक दोष आम्हाला त्यामुळेच लवकर सापडला. ती पूर्वी आमच्या डिझाइन विभागात सीनियर इंजिनिअर होती.”

मजकूर उत्तम होता, फक्त शेवटच्या वाक्यात पद चुकलं होतं. ती सीनियर इंजिनिअर कधीच नव्हती, इंजिनिअर होती. भाची म्हणाली, “जाऊ दे ना मावशी, माझ्या फायद्याचंच आहे.” मी तिला थांबवलं. तिच्याच प्रोफाइलवर अनुभवाच्या विभागात खरं पद लिहिलेलं होतं. दोन ठिकाणी दोन पदं दिसली की पार्श्वभूमी तपासणारा आधी संशय घेतो, आणि त्या संशयाची किंमत साहेबांच्या मजकुरातल्या खऱ्या भागालाही चुकवावी लागते.

आलेला मजकूर आपल्याला बदलता येत नाही. एक शब्दही नाही. पण होकार द्यायच्या जागीच ‘Ask for revision’ असा पर्याय असतो. त्यातून लिहिणाऱ्याला नेमकं काय बदलायचं ते कळवता येतं. भाचीने लिहिलं: “सर, मनापासून आभार. एकच विनंती, डिझाइन विभागात मी इंजिनिअर होते, सीनियर नव्हे. तेवढं बदलाल का?” संध्याकाळपर्यंत दुरुस्त मजकूर आला आणि तिने तो प्रोफाइलवर घेतला. दुरुस्ती वस्तुस्थितीची मागावी. विशेषणं वाढवून मागू नयेत.

एकदा घेतलेला मजकूर पुढे नकोसा झाला तरी अडचण नाही. ‘Recommendations’ विभागात पेन्सिल दाबून ‘Received’मध्ये गेलं की प्रत्येक मजकुरासमोर दिसायचा-लपवायचा खटका आहे. लपवलेला मजकूर जात नाही, आपल्याकडे राहतो, कधीही परत दाखवता येतो. भाचीचं ते मेहनती-प्रामाणिकवालं रेकमेंडेशन आम्ही असंच लपवलं. लिहिणाऱ्यांचा मान राखला गेला, आणि प्रोफाइलवर वॉरंटीचा मजकूर एकटा, ठसठशीत उरला.

इथे एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. कौशल्यांचा क्रम आपण लावतो, तसा रेकमेंडेशनचा लावता येत नाही. नवीन आधी, जुनं नंतर, असं ते तारखेने लागतं, आणि मुख्य प्रोफाइलवर वरची थोडीच दिसतात. म्हणून सर्वांत महत्त्वाचं रेकमेंडेशन वर हवं असेल, तर त्याच्यानंतर आलेलं किरकोळ रेकमेंडेशन घ्यायचं की नाही, याचा विचार करूनच होकार द्यावा. क्रम लावायचं आपल्याजवळचं हत्यार म्हणजे हा लपवायचा खटकाच.

७. जे आपल्या हातात नाही, तेही माहीत असावं

आपण दुसऱ्यांसाठी लिहिलेली रेकमेंडेशनही आपल्या प्रोफाइलवर ‘Given’ या नावाखाली दिसतात. हे अनेकांना ठाऊकच नसतं. भरती करणारा तिथेही डोकावतो. एकमेकांना एकाच आठवड्यात लिहिलेली दोन रेकमेंडेशन तारखांमुळे लगेच उठून दिसतात, आणि मग दोन्हींचं वजन घटतं. कोणी लिहून दिलं म्हणून परतफेड लगेच करू नये. लिहावंसं वाटेल असं काम खरंच बघितलं असेल तर सवडीने, कामाच्या तपशिलासह लिहावं. आपण लिहिलेला मजकूर नंतर बदलायचा किंवा काढून टाकायचा हक्क आपला असतो, आणि तो हक्क आपल्याला लिहून देणाऱ्यालाही तितकाच असतो. त्याने काढला तर तो आपल्या प्रोफाइलवरून जातो. एन्डॉर्समेंट देणाराही ती केव्हाही मागे घेऊ शकतो.

सर्वांत मोठं नुकसान होतं ते यादीतून माणूस तोडल्यावर. जोडणी तोडली की दोघांमधल्या एन्डॉर्समेंट आणि रेकमेंडेशन दोन्ही बाजूंनी काढली जातात, आणि पुढे परत जोडून घेतलं तरी ती परत येत नाहीत. जुन्या कंपनीतल्या लोकांची यादी रागाच्या भरात साफ करायला निघालेल्या प्रत्येकाला मी हे सांगते. एखाद्याच्या पोस्ट नको असतील तर ‘Unfollow’ करावं. जोडणी राहते, आणि त्याने लिहिलेले शब्दही राहतात.

भाचीची मुलाखत घेणाऱ्यांनी एन्डॉर्समेंटबद्दल काहीच विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, “त्या पंपाचा दोष तुम्हाला डेटात कसा दिसला?” तिच्याकडे उत्तर होतं, कारण ते काम तिने केलेलं होतं. प्रोफाइलवर कोणतं रेकमेंडेशन ठेवायचं, याचं माझं माप तेव्हापासून हेच आहे: ज्या वाक्यावर मुलाखतीत प्रश्न निघू शकतो आणि ज्या प्रश्नावर आपण दहा मिनिटं बोलू शकतो, ते ठेवावं. एन्डॉर्समेंटच्या यादीने त्या वाक्यातली कौशल्यं वर आणून ठेवली, तर तिचं काम झालं.